बेस शेजारी, तरी ‘आउट ऑफ रेंज’: आधी बेसची वीज, मग सेल, शेवटी रजिस्ट्रेशन

प्रश्न: सोलापूरला आईकडे लँडलाइनवर कॉर्डलेस फोन आहे, पाच-सहा वर्षं झाली. आठ दिवसांपासून हँडसेट बेसच्या अगदी शेजारी धरला तरी ‘आउट ऑफ रेंज’ दाखवतो. बॅटरीची खूण पूर्ण भरलेली दिसते. भाच्याने पुन्हा रजिस्टर करायचा प्रयत्न केला, झालं नाही. दुकानदार म्हणतो सेट टाका, नवा घ्या. सेल बदलून उपयोग होईल का?

उत्तर:

बहुतेक वेळा होतो. निदान सेट टाकून देण्याआधी एवढं तरी नक्की करून पाहा. सोलापुरात टेलिफोन आणि इंटरकॉम दुरुस्तीचं काम मी वीस वर्षांहून जास्त काळ करतो आहे, आणि नेमकी हीच तक्रार घेऊन आलेले कितीतरी सेट नुसते सेल बदलून परत गेले आहेत. पण तुमच्या बाबतीत भाच्याने मध्ये रजिस्ट्रेशन करून पाहिलं आहे. त्यामुळे आता कदाचित दोन गोष्टी एकाच वेळी बिघडलेल्या असतील, आणि म्हणून कामाचा क्रम सांभाळावा लागेल.

आधी त्या मेसेजचा अर्थ समजून घेऊ, कारण तो दिशाभूल करतो. ‘आउट ऑफ रेंज’ वाचलं की आपल्याला वाटतं, फोनने अंतर मोजलं आणि ते जास्त भरलं. हँडसेटला अंतर मोजता येत नाही. आजकालचे बरेच कॉर्डलेस डेक्ट पद्धतीचे असतात. त्यात बेस दिवसरात्र एक बारीक रेडिओ हाक देत असतो आणि त्या हाकेत त्याची स्वतःची ओळख असते. हँडसेट थोड्या थोड्या वेळाने कान देऊन ती हाक ऐकतो. ऐकू आली आणि ओळखीची निघाली तर तो शांत राहतो. ऐकू आली नाही की त्याला एवढंच कळतं की माझा बेस सापडत नाही, आणि तेच तो स्क्रीनवर लिहितो. म्हणून बेस बंद पडला, हँडसेटचा कान मंद झाला किंवा हँडसेट बेसची ओळख विसरला, तिन्ही वेळा साधारण हाच मेसेज येऊ शकतो. काही मॉडेल ओळख विसरल्यावर वेगळं सांगतात, ‘हँडसेट रजिस्टर करा’ अशा अर्थाचं. हा फरक दिसला तर नोंद करून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

आणखी एक, कारण यात बराच वेळ वाया जातो. या मेसेजचा टेलिफोनच्या लाइनशी काही संबंध नाही. लाइन मेलेली असली, भिंतीतली तार काढून ठेवली, तरी हँडसेटला बेस सापडायलाच हवा. मग फार तर डायल टोन येणार नाही. तेव्हा या दुखण्यासाठी लाइनची तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहत बसू नका. तुमच्याकडे तांब्याची तार आहे की फायबर, यानेही इथे फरक पडत नाही.

सुरुवात बेसपासून करा. पहिली खात्री अशी की तुम्ही ज्याला बेस म्हणता तो खरंच बेस आहे. दोन हँडसेटची जोडी घेतली की बरोबर दोन स्टँड येतात. त्यातल्या एकालाच टेलिफोनची तार लागते, तोच बेस. दुसरा नुसता चार्जर असतो, त्यात रेडिओ नसतो. आईंचा हँडसेट बेडरूममधल्या चार्जरवर असेल आणि हॉलमधल्या खऱ्या बेसची पिन पाहुण्याने मोबाइल लावायला काढली असेल, तर चार्जरच्या शेजारी उभं राहून ‘आउट ऑफ रेंज’ दिसणारच. हे मी तीन-चार घरांत पाहिलं आहे.

मग बेसचं बटण पाहा. हरवलेला हँडसेट शोधण्यासाठी बेसवर एक बटण असतं. ते हलकेच एकदा दाबलं की हँडसेट वाजतो. घरात दुसरा हँडसेट असेल तर ही परीक्षा सोन्यासारखी आहे. दुसरा वाजला आणि हा गप्प राहिला, तर बेस, अ‍ॅडॅप्टर सगळं ठीक आहे आणि दोष या हँडसेटमध्ये किंवा त्याच्या सेलमध्ये आहे. दोन्ही गप्प राहिले तर बेसवर संशय घ्या.

बेसवर संशय आला तर आधी अ‍ॅडॅप्टर तपासा. बेसवरचा दिवा लागतो म्हणजे वीज पुरेशी आहे असं होत नाही. दिव्याला नाममात्र करंट लागतो, रेडिओला जास्त. जुना अ‍ॅडॅप्टर थकला की दिवा लागलेला राहतो, पण रेडिओ भरात आल्यावर व्होल्टेज खाली बसतं. बेसच्या बुडाशी लिहिलेलं व्होल्टेज आणि अ‍ॅडॅप्टरवर लिहिलेलं व्होल्टेज एकच आहे ना, हे वाचून जुळवा. साडेपाच, सहा, साडेसहा व्होल्टचे बेस मी सर्रास पाहतो. राउटरचा अ‍ॅडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचा असतो, आणि काही वेळा त्याची पिन बेसमध्ये बसतेसुद्धा. साफसफाईत या दोन पिनांची अदलाबदल झाली की बेस कायमचा जातो. आईंकडे फायबरचं यंत्र आणि फोन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर अ‍ॅडॅप्टरवर चिकटपट्टी लावून ‘फोन’ आणि ‘नेट’ असं लिहून ठेवा.

बेस ठीक निघाला की सेल. तुमचा मुख्य प्रश्न इथे आहे.

बॅटरीची खूण पूर्ण आहे आणि तरी सेल खराब कसे, ही शंका प्रत्येक जण विचारतो. बहुतेक साधे हँडसेट ही खूण सेलच्या व्होल्टेजवरून ठरवतात. सेल जुना झाला की त्याच्यात दोन बदल होतात. एक म्हणजे साठा आटतो. दुसरं म्हणजे आतला विरोध वाढतो, म्हणजे सेल करंट सोडायला कुचराई करतो. विरोध वाढलेला सेल चार्जरवर ठेवला की व्होल्टेज भराभर चढतं आणि दहा-पंधरा मिनिटांत खूण पूर्ण होते. पण ती भरल्याची खूण नसते. चार्जरवरून उचलून हँडसेटने रेडिओ चालू केला की व्होल्टेज एकदम बसतं. स्क्रीनला करंट कमी लागतो म्हणून ती जिवंत दिसते, पण रेडिओला तेवढं पुरत नाही. त्यामुळे हँडसेटला बेस सापडत नाही.

यात एक दुष्टचक्रही आहे. बेस सापडत असतो तेव्हा हँडसेट बहुतेक वेळ झोपलेला असतो आणि फक्त क्षणभर कान देतो, म्हणून चार्जरबाहेर तो काही दिवस टिकतो. बेस सापडला नाही की तो सतत शोधत राहतो. रेडिओ चालूच राहतो आणि सेल भराभर रिकामे होतात. म्हणजे आधीच थकलेले सेल शोधण्यात आणखी थकतात. आठ दिवस हा हँडसेट असा शोधत असेल तर सेलची अवस्था आणखी वाईट झाली असणार.

घरच्या घरी हे ओळखायचं असेल तर मल्टिमीटर लागतो, पण नुसता मीटर लावून उपयोग नाही. नुसत्या मीटरवर थकलेला सेलही सव्वा व्होल्ट दाखवतो, आणि मग माणूस म्हणतो, सेल तर चांगले आहेत. सेलवर थोडं ओझं टाकून मोजायला हवं. मी चार-पाच ओहमचा, अर्ध्या वॉटचा एक रेझिस्टर सेलच्या दोन टोकांना दहा सेकंद धरतो आणि त्याच वेळी मीटर पाहतो. रेझिस्टर कोमट होतो, त्यामुळे जास्त वेळ धरू नका. भरलेला चांगला सेल १.२ व्होल्टच्या आसपास ठाम उभा राहतो. थकलेला सेल डोळ्यांदेखत एक व्होल्टच्या खाली जातो. हँडसेटमध्ये दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे दोनपैकी एकच थकला असला तरी सगळा हँडसेट लंगडतो.

मीटर नसेल तर वागण्यावरून ओळखा. रात्रभर चार्जरवर ठेवलेला हँडसेट उचलल्यावर पाच-दहा मिनिटांत खूण अर्ध्यावर येते का? चार्जरवर परत ठेवला की लगेच पूर्ण दाखवतो का? चार्जरवर असताना बेस सापडतो आणि उचलला की काही क्षणांत हरवतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर मी मीटरही काढत नाही, थेट सेल बदलतो.

जुळे सोलापुरातलं एक घर सांगतो, कारण तिथला गुंता तुमच्यासारखाच होता. निवृत्त शिक्षक, घरात दोघंच. दोन हँडसेटची जोडी. काकांनी फोनवर सांगितलं की हॉलमधला चालतो, बेडरूममधला बेसला टेकवला तरी ‘आउट ऑफ रेंज’. नातवाने यूट्यूबवर पाहून तीन वेळा रजिस्टर करायचा प्रयत्न केला होता.

गेलो तेव्हा बेसचं बटण दाबलं. हॉलमधला वाजला, दुसरा गप्प. म्हणजे बेस ठीक. बेडरूमच्या हँडसेटचं मागचं झाकण काढलं. आत ट्रिपल ए आकाराचे दोन सेल, एकाच्या टोकाशी पांढरट हिरवी पूड. नुसत्या मीटरवर एक १.२९ आणि दुसरा १.२१. काका म्हणाले, “हे बघा, दोन्ही चांगले आहेत की.” रेझिस्टर लावला. पहिला १.१६ वर थांबला. पूड आलेला दुसरा घसरत ०.७ च्याही खाली गेला. काकांनी मीटर स्वतःच्या हातात घेतला, पुन्हा तेच करून पाहिलं, आणि मग काही बोलले नाहीत.

हॉलमधल्या हँडसेटचे चांगले सेल काढून या हँडसेटमध्ये टाकले. तेव्हा खरा प्रकार दिसला. मेसेज बदलला. ‘आउट ऑफ रेंज’ जाऊन हँडसेट रजिस्टर करा असा मेसेज आला. म्हणजे नातवाच्या प्रयत्नात जुनी नोंदणी पुसली गेली होती. नवी नोंदणी करताना हँडसेट आणि बेस यांच्यात बरीच देवाणघेवाण होते, हँडसेटला सलग काही सेकंद रेडिओ चालवावा लागतो, आणि त्या थकलेल्या सेलला ते झेपलं नव्हतं. मूळ दुखणं सेलचं, त्यावर नोंदणी जाण्याचं दुसरं दुखणं घरातच तयार झालेलं. त्या दिवशी मी रजिस्टर केलं नाही. नवे सेल आणायला सांगितले, रात्रभर चार्ज करायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवरून बटणं सांगितली, काकांनी स्वतः रजिस्टर केलं आणि मला त्याच हँडसेटवरून उलट फोन लावला.

म्हणून माझा आग्रह असतो की थकलेल्या सेलवर रजिस्ट्रेशनला हात लावू नये. बेस, सेल आणि त्यानंतर नोंदणी, हा क्रम पाळा.

आता सेल कोणते घ्यायचे ते. दुकानात नुसते पेन्सिल सेल मागितले तर साधे, चार्ज न होणारे सेल मिळतील. ते दीड व्होल्टचे असतात आणि हँडसेटमध्ये टाकल्यावर फोन लगेच चालूही होतो, म्हणून लोक फसतात. पण हँडसेट चार्जरवर ठेवला की तो त्यांना चार्ज करू पाहतो. साधा सेल चार्ज होत नाही, तो तापतो, गळतो, फुटूही शकतो. गळलेलं रसायन हँडसेटचे पत्रे खाऊन टाकतं. तुम्हाला हवेत ते चार्ज होणारे, निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे, १.२ व्होल्टचे. बहुतेक हँडसेटमध्ये ट्रिपल ए आकाराचे दोन लागतात. काही हँडसेटमध्ये मात्र दोन-तीन सेलचा बांधलेला पॅक आणि छोटी तार असते. तसा असेल तर जुना पॅक दुकानात घेऊन जा आणि प्लगमधली लाल-काळ्या तारेची बाजू जुळवून घ्या, कारण दिसायला सारख्या पॅकमध्येही ही बाजू उलट असू शकते. त्याच आकाराचे लिथियमचे सेलही मिळतात, त्यांचं व्होल्टेज जवळपास तिप्पट असू शकतं. ते चुकूनही टाकू नका.

क्षमतेचा मोह धरू नका. जुन्या सेलवर ५५० किंवा ६०० एमएएच लिहिलेलं असेल तर ६०० ते ८०० च्या दरम्यानचे घ्या. दुकानदार ११०० चे पुढे करील. ते खोटे नसले तरी तुमचा हँडसेट ते हळू भरतो. समजा चार्जरचा करंट ६० मिलीअँपिअर आहे. ६०० चा रिकामा सेल भरायला दहा तास लागायला हवेत, पण भरताना काही वाया जातं, म्हणून प्रत्यक्षात चौदा तास धरा. ११०० च्या सेलला याच हिशेबाने पंचवीस-सव्वीस तास लागतील. काही मॉडेलचा करंट जास्त असतो आणि ते सात-आठ तासांत भरतात, ते तुमच्या पुस्तिकेत लिहिलेलं असेल. स्वस्त, अनोळखी सेलवर छापलेला मोठा आकडा तर मी मानतच नाही. असे सेल ओझ्याखाली जुन्या सेलइतकेच कमी भरताना मी मोजले आहेत.

दोन्ही सेल एकाच वेळी, एकाच बनावटीचे आणि एकाच क्षमतेचे बदला. एक जुना, एक नवा ठेवला तर जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याच्यातून जबरदस्तीने करंट ढकलत राहतो. नवा सेलही त्यात लवकर मरतो. बदलताना आतले स्प्रिंग आणि पत्रे पाहा. पांढरी किंवा हिरवी पूड असेल तर खोडरबराने किंवा थोड्या स्पिरिटच्या कापसाने घासून काढा. हँडसेटच्या बाहेरचे दोन चार्जिंगचे पत्रे आणि स्टँडमधल्या पिनाही पुसा. पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांत फोन पाहायला जातो तेव्हा स्टँडच्या पिनांवर कापसाच्या तंतूंचा अक्षरशः थर असतो. हँडसेट ठेवलेला दिसतो, पण चार्जिंग होतच नाही. घरातही पाच-सहा वर्षांत हातांचं तेल आणि धूळ जमतेच.

नवे सेल टाकल्यावर लगेच फोन करून पाहू नका. दुकानातून आणलेला सेल बहुधा अर्धवट भरलेला असतो. रात्रभर सलग चार्जरवर ठेवा, मध्ये उचलू नका. खूण दोन तासांत पूर्ण झाली तरी सकाळपर्यंत राहू द्या.

सकाळी स्क्रीन पाहा. नोंदणी शाबूत असेल तर मेसेज आपोआप गेलेला असेल आणि बटण दाबताच हँडसेट वाजेल. मग तुमचं काम झालं. रजिस्टर करायची गरज नाही, करूही नका.

मेसेज राहिला किंवा रजिस्टर करा असं आलं, तरच पुढे जा. आधी हँडसेटमधले महत्त्वाचे नंबर कागदावर उतरवून घ्या. हँडसेटमधली फोनबुक सहसा जात नाही, पण काही मॉडेलमध्ये ती बेसमध्ये असते आणि बेस रीसेट केला तर जाऊ शकते. मग बेस आणि हँडसेट एकाच टेबलावर घ्या. बेसचं तेच शोधायचं बटण आता दाबून धरा, साधारण पाच सेकंद. थोडं दाबलं तर हँडसेट वाजवतो, दाबून धरलं तर बेस नवी नोंदणी घ्यायला तयार होतो, असा त्या बटणाचा दुहेरी उपयोग असतो. दाबताना घरातला दुसरा हँडसेट वाजायला लागला तर तुम्ही लवकर सोडलं, तो थांबवून पुन्हा धरा. बेस तयार झाला की बहुतेक मॉडेलमध्ये दिवा चमकतो किंवा सूर येतो.

यानंतर एक-दोन मिनिटंच बेस दार उघडं ठेवतो, म्हणून हँडसेटवरची बटणं आधी माहीत हवीत. पॅनासोनिकच्या बऱ्याच मॉडेलमध्ये मेनू बटण दाबून `#130` टाइप करायचं. पिन विचारली की `0000`, मग ओके. दुसऱ्या कंपन्यांच्या सेटमध्ये मेनूत सेटिंग्जमध्ये रजिस्ट्रेशन किंवा रजिस्टर असा पर्याय असतो, आणि मुळातली पिन बहुधा `0000` च असते. हँडसेट शोधतोय असं दाखवून काही सेकंदांत सूर देतो आणि नेहमीची स्क्रीन येते. त्याच पॅनासोनिकमध्ये `#131` हा नोंदणी पुसण्याचा आकडा आहे. तुमच्या भाच्याने किंवा जुळे सोलापूरच्या नातवाने चुकून हाच टाइप केला असण्याची शक्यता मला वाटते, कारण दोन्ही आकडे शेजारी आहेत.

बरोबर क्रमाने करूनही नोंदणी झाली नाही तर तीन कारणं पाहा. पिन क्रमांक कुणी बदललेला असेल, तर बेस मूळ स्थितीवर आणावा लागतो. ती पद्धत मॉडेलनुसार फार वेगळी आहे, पुस्तिका किंवा बेसचा नेमका मॉडेल क्रमांक हवा. बेसमध्ये जागा भरलेली असेल, कारण अनेक बेस सहा हँडसेटपर्यंतच नोंद घेतात आणि मोडून फेकलेल्या जुन्या हँडसेटच्या नोंदी तशाच पडून असतात. घरात एक-दोनच हँडसेट झाले असतील तर हे तुम्हाला लागू नाही. किंवा बेसचा रेडिओच गेलेला असेल. ते ओळखायचं असं: अ‍ॅडॅप्टर बरोबर, सेल नवे आणि भरलेले, दोन्ही हँडसेटना बेस सापडत नाही आणि एकाचीही नोंदणी होत नाही. विजेच्या मोठ्या झटक्यानंतर हे होतं. तेव्हा मात्र दुकानदाराचं बरोबर, बेस उघडून रेडिओ दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. दुसऱ्या कंपनीचा बेस आणून जुना हँडसेट त्यावर कधी कधी नोंदवता येतो, पण बहुधा बोलणं आणि वाजणं एवढंच चालतं, फोनबुक किंवा नंबर दिसण्यासारख्या सोयींची खात्री नाही.

नोंदणी एकदा झाली आणि प्रत्येक वेळी वीज जाऊन आली की पुन्हा जाते, असं झालं तर हँडसेटच्या मागे लागू नका. तो बेसचा किंवा त्याच्या अ‍ॅडॅप्टरचा दोष आहे. आधी अ‍ॅडॅप्टर बदलून पाहा, तो स्वस्त आहे.

जागेबद्दल थोडं. सोलापूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो, आणि चार्ज होणाऱ्या सेलला उष्णता सगळ्यात वाईट. पश्चिमेच्या खिडकीत, टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सवर किंवा इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेल्या हँडसेटचे सेल लवकर जातात, हे मी वर्षानुवर्षं पाहतो आहे. बेस भिंतीच्या सावलीच्या बाजूला, लोखंडी कपाटापासून दूर आणि राउटरपासून हातभर अंतरावर ठेवा. डेक्ट आणि वाय-फाय वेगवेगळ्या लहरींवर चालतात, त्यामुळे राउटरमुळे असा मेसेज सहसा येत नाही. पण अगदी चिकटून ठेवले तर आवाजात खरखर येते.

आणि वीज गेल्यावर जो ‘आउट ऑफ रेंज’ येतो, तो दोष नाही, हे आईंना नक्की सांगा. बेस बंद पडतो, म्हणून हँडसेटला तो सापडत नाही. तांब्याच्या लाइनवर साधा तारेचा फोन लावला तर तो विजेशिवाय चालतो, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजकडून तारेतूनच येते. फायबरवर मात्र घरातलं फायबरचं यंत्र बंद पडलं की तारेचा फोनही बंद. आई एकट्या राहत असतील तर फायबरचं यंत्र आणि बेस दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. इन्व्हर्टर नसेल आणि लाइन अजून तांब्याची असेल, तर एक साधा फोन समांतर लावून ठेवा.

सेलची जोडी तीन-चारशे रुपयांच्या आत येते, नव्या सेटच्या मानाने खर्च किरकोळ आहे. सेल बदलून एक रात्र चार्ज केल्यावर मला तीन गोष्टी इथेच कळवा: सकाळी स्क्रीनवर नेमकं काय लिहिलेलं आहे, बेसचं बटण दाबल्यावर हँडसेट वाजतो का, आणि बेसच्या बुडाशी असलेल्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक काय आहे. नोंदणीची वेळ आलीच, तर तुमच्या मॉडेलची बटणं मी क्रमाने लिहून देतो. आई स्वतः करू शकतील.